नववी सही

त्या मोठ्या खाजगी रुग्णालयात तिचं खरं नाव फक्त पगाराच्या यादीत होतं. बाकी सगळे तिला चादरताई म्हणायचे. वॉर्डातल्या सिस्टर, लिफ्टवाला, गेटवरचा पहारेकरी, इतकंच काय, एकदा फेरीवर आलेल्या मोठ्या डॉक्टरांनीही "चादरताईंना बोलवा" म्हटलं होतं, आणि नवऱ्याला हे सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.

तिची खोली तळघरात, धुलाईखान्याला लागून. खिडकी नाही. एका भिंतीला छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांवर चादरी, उशांचे अभ्रे, ब्लँकेटं, शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे. दुसऱ्या बाजूला टेबल, टेबलावर जाड वही. सकाळी सातला गाड्या भरायच्या आणि मजल्यामजल्यावर पाठवायच्या. दुपारी मळके कपडे खाली आले की मोजून धुलाईखान्यात द्यायचे. कोणत्या वॉर्डात किती गेलं, किती परत आलं, किती फाटलं, हे सगळं वहीत. अकरा वर्षं आणि सात महिने तिने हे केलं. रजा घेतली तीही जपून, कारण ती नसली की दुसऱ्या दिवशी सगळी खोली विस्कटलेली असायची.

नोकरी सोडायचं कारण साधं होतं. नवरा घरं रंगवायचं काम करायचा. शिडीवरून पडून त्याचं मनगट मोडलं आणि ते नीट जुळलं नाही. ब्रश धरता येईना. घरी त्याला बटणंसुद्धा लावून द्यावी लागत. रुग्णालयात जाण्यायेण्यात तिचे रोज तीन तास जायचे. तेवढ्यात घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर डोळ्यांचं एक छोटं रुग्णालय सुरू झालं. तिथे हेच काम, पगार थोडा कमी, पण दुपारी घरी डोकावून येता येईल असं. तिथल्या बाई म्हणाल्या, "जुन्या जागेचं सुटकेचं पत्र आणा आणि नोटीस संपली की त्यानंतरच्या दहा तारखेला कामावर या."

एक तारखेला तिने राजीनामा दिला. महिन्याभराची नोटीस होती, ती पूर्ण भरली. शेवटच्या दिवशी सिस्टर लोकांनी केक कापला. धुलाईकाकांनी, म्हणजे धुलाईखान्यात मोठी यंत्रं चालवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी, तिला एक इस्त्री केलेला रुमाल दिला. "आमच्याकडे देण्यासारखं एवढंच," ते म्हणाले.

संध्याकाळी ती वर मनुष्यबळ विभागात गेली. तिथले साहेब तिच्या मुलाच्या वयाचे. बोलायला गोड. त्यांनी तिला एक फॉर्म दिला. "ताई, हा नो ड्यूजचा फॉर्म, तुमच्याकडे कुणाचं काही बाकी नाही असा. नऊ विभागांच्या सह्या आणायच्या. त्या झाल्या की तुमचा शेवटचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी, सगळं एकदम निघेल. पत्रही तेव्हाच."

दोन दिवसांत आठ सह्या झाल्या. ग्रंथालयाचीसुद्धा झाली. तिथे ती जन्मात गेली नव्हती. ग्रंथपालाने विचारलं, "तुम्ही पुस्तकं घेतली होती?" ती म्हणाली, "मला तर इथे ग्रंथालय आहे हेच आज कळलं." तो हसला आणि त्याने सही ठोकली.

नववी सही भांडार अधिकाऱ्यांची होती. कोरडा, नेमका माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "कपड्यांचा साठा तुमच्या ताब्यात होता. साठा जुळला की सही."

"साठा वहीत आहे साहेब."

"वहीत नाही. प्रत्यक्ष. मोजून दाखवा."

इथे ती अडकली. कसं, ते सांगायला हवं. रुग्णालयातल्या चादरी कधी एका जागी नसतात. काही पेशंटच्या अंगाखाली, काही यंत्रात, काही वाळवणात, काही गाडीत, काही लिफ्टमध्ये. अपघाताचा पेशंट आला की चार एकदम जातात. कोणी दगावलं तर त्याच्याबरोबर एक जाते, ती परत मागायची नसते. सगळ्या एका क्षणी मोजायच्या तर रुग्णालय बंद करावं लागेल. तरी तिने मोजल्या. पहिल्या दिवशी दोन हजार चारशे अठ्ठ्याऐंशी भरल्या. दुसऱ्या दिवशी दोन हजार पाचशे एकतीस. तिसऱ्या दिवशी दोन हजार चारशे सत्तर. खरेदीच्या कागदांप्रमाणे हव्या होत्या तीन हजार ब्याऐंशी.

"सहाशे बारा कमी," भांडार अधिकारी म्हणाले. तीन आकड्यांतला त्यांनी नेमका सगळ्यात वाईट उचलला.

तिला माहीत होतं त्या सहाशे बारा कुठे गेल्या. फाटलेल्या चादरी कंडम ठरवून रद्द करायला तिघांची समिती असायची. दर तीन महिन्यांनी समिती बसायची, सह्या व्हायच्या, चादरी साठ्यातून वजा व्हायच्या. दोन वर्षांपूर्वी समितीतली मेट्रन निवृत्त झाली, जागा भरलीच नाही, आणि समिती पुन्हा बसली नाही. फाटक्या चादरींची गाठोडी तळघरात साचत गेली. मग बाहेरून तपासणीचं पथक यायचं होतं तेव्हा वरून फोन आला, "ते घाणेरडं सगळं आधी हलवा." एका दुपारी ट्रक आला आणि गाठोडी गेली. कागद काहीच झाला नाही. तिने तेव्हा विचारलं होतं. "नंतर बघू" असं उत्तर मिळालं होतं.

हे तिने भांडार अधिकाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "कागद दाखवा."

मनुष्यबळ विभागातले साहेब म्हणाले, "ताई, मी समजू शकतो. पण माझे हात बांधलेत. तुम्ही असं करा, रोज थोडं थोडं येऊन मोजा. वॉर्डावॉर्डातून शोधलं तर बरंच सापडेल."

म्हणून ती जाऊ लागली. नोकरी नव्हती, ओळखपत्र परत दिलेलं. गेटवर तिला पाहुण्यांचा पास घ्यावा लागे. इतकी वर्षं ज्याने तिला सलाम केला तोच पहारेकरी आता खाली मान घालून रजिस्टर पुढे सरकवायचा. "कोणाला भेटायचंय" या रकान्यात ती लिहायची, भांडार. मग तळघरात उतरायचं, मोजत बसायचं. मोजताना समोर मळक्यांचा ढीग आला की हात आपोआप चालायचे. गाडी भरायची राहिली असेल तर ती भरून द्यायची. अतिदक्षता विभागातून फोन आला तर तीच उचलायची. "चादरताई, दहा हिरवे पाठवा हो." ती पाठवायची.

दहा तारीख उलटली. डोळ्यांच्या रुग्णालयातल्या बाईंना तिने फोन केला. त्यांनी वीसपर्यंत मुदत दिली. "पण पत्राशिवाय नको हं," त्या म्हणाल्या, "आमच्या मालकांचा नियम आहे."

घरी नवरा म्हणायचा, "अगं, ते पैसे देत नाहीत तर तू जातेस कशाला?"

"गेले नाही तर सही होणार नाही."

"आणि गेलीस तर होतेय?"

त्याचा डावा हात कपात साखर ढवळत होता. उजवा मांडीवर पडलेला. ती उठून आत गेली.

बाविसाव्या दिवशी धुलाईकाकांनी यंत्र बंद केलं आणि तिच्या समोर येऊन बसले. यंत्र थांबलं की तळघरात एकदम कान सुन्न व्हायचे.

"ताई, एक विचारू? तुझ्या जागी कोण आलं?"

"अजून कोणी नाही."

"जाहिरात दिली?"

"मला काय माहीत."

"मला माहीत आहे. नाही दिली. कशाला देतील? गाड्या वेळेवर जातायत. फोन उचलला जातोय. फुकट." काकांनी शेवटचा शब्द सावकाश उच्चारला. "तू मोजत राहशील तोवर तुझी सही होणार नाही. आणि सही होत नाही तोवर तू मोजत राहशील."

तिच्या हातात अर्धवट घडी केलेली चादर होती. तिने घडी पूर्ण केली, कारण अर्धवट ठेवणं तिला जमत नसे. मग पर्स उचलली आणि वर गेली.

साहेब जणू तिचीच वाट पाहत होते. "बरं झालं आलात. मी वरिष्ठांशी बोललो. मार्ग निघालाय." त्यांनी एक कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की सहाशे बारा चादरींची किंमत मला येणे असलेल्या रकमेतून वळती करून घेण्यास माझी हरकत नाही, उरलेली रक्कम मला पूर्ण मिळाली, आणि माझं संस्थेकडे आता काहीही येणं नाही. रकमेची जागा कोरी.

"किती उरतील?" तिने विचारलं.

"ते अकाउंट्सवाले बघतील. पण पत्र आजच देतो. आत्ता. तुम्हाला नवी नोकरी लागायचीय ना?"

ती तारीख होती बावीस. वीस तारीख जाऊन दोन दिवस झाले होते. पण तिला वाटलं, पत्र घेऊन पळत गेलं तर कदाचित. तिने पेन हातात घेतलं. नंतर घरी नवऱ्याला हे सांगतानाही तिचा हात पेन धरल्यासारखा वळला होता. "मी सही करणारच होते," ती म्हणाली. "पण 'मला पूर्ण मिळाली' असं लिहिलेलं होतं ना. आणि मिळालं तर काहीच नव्हतं. आयुष्यभर जे मोजून हातात आलं तेच मी वहीत लिहिलं. न आलेलं कसं लिहू?"

"घरी दाखवून आणते," ती साहेबांना म्हणाली.

"कागद बाहेर नेता येणार नाही."

"मग राहू द्या."

डोळ्यांच्या रुग्णालयात आदल्याच दिवशी दुसरी बाई रुजू झाली होती.

मग ती तक्रार घेऊन कामगार कार्यालयात गेली. ते बस डेपोच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. बाकावर माणसं बसलेली, प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी, पिशवीत कागद. तिचा नंबर लागायला दुपार झाली. टेबलामागे अधिकारी मॅडम होत्या, पन्नाशीच्या, आवाज बसलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच एकदा थांबवून विचारलं, "बावीस दिवस तुम्ही तिथे कशाला गेलात?"

"सहीसाठी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बाई, नीट ऐका. नोकरी सोडली, काढून टाकलं, काहीही झालं, तरी शेवटचा पगार कामाच्या दोन दिवसांच्या आत द्यावा लागतो. दोन दिवस. नो ड्यूजचा फॉर्म हा त्यांच्या घरचा कागद आहे. तो पुरा झाला नाही म्हणून कायद्याची मुदत लांबत नाही."

"पण चादरी कमी आहेत."

"असतील. ताब्यात दिलेली वस्तू हरवली आणि ती तुमच्याच हलगर्जीपणामुळे, तर कापता येतं. पण त्याआधी तुम्हाला तुमचं म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी. तशी नोटीस आली?"

"नाही. मोजायला सांगितलं."

"मोजायला." मॅडमनी ते कुठेतरी लिहून घेतलं. "आता ग्रॅच्युइटी. पाच वर्षांच्या वर सलग नोकरी झाली की ती तुमच्या हक्काची. तीस दिवसांत द्यायची. तुम्ही अर्ज केला नसला तरी हिशोब करणं त्यांचं काम. पुढे जितका उशीर तितकं साधं व्याज. आणि तुम्ही राजीनामा दिलाय. नुकसान केलं म्हणून कामावरून काढलं असतं तर ग्रॅच्युइटीतून कापायचा प्रश्न तरी आला असता. इथे तोही नाही. किती वर्षं म्हणालात?"

"अकरा. वर सात महिने."

"सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात. बारा."

'बारा' या शब्दाने तिला रडू फुटलं, पैशांमुळे नाही. साहेबांनी सगळीकडे अकराच लिहिलं होतं, आणि ते सात महिने आपण खरंच केले होते का, असं तिला स्वतःलाच वाटू लागलं होतं.

मॅडमनी काय करायचं ते सांगितलं. आधी रुग्णालयाला पत्र, पगार आणि रजेच्या पैशांसाठी. रजेचं नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते बघायचं. वेगळा अर्ज ग्रॅच्युइटीचा. दोन्ही रजिस्टर पोस्टाने, पोच जपून ठेवायची. तीस दिवस उलटले तरी काही आलं नाही तर इथे दोन दावे, एक थकलेल्या पगाराचा, एक ग्रॅच्युइटीचा. पगाराच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत, पण तोपर्यंत थांबायचं कारण नाही. "वकील लागत नाही," मॅडम म्हणाल्या, "पण चिकाटी लागते. तुम्ही तीन दिवस तीन वेळा चादरी मोजल्यात म्हणजे ती आहे."

"आणि सुटकेचं पत्र?"

"मागा. सारखं मागा. पण ते द्याच, असा हुकूम मी काढू शकत नाही."

पत्रं गेली, पोच आली, उत्तर आलं नाही. महिन्यानंतर दावे दाखल झाले. सुनावणीच्या पहिल्या तारखेला रुग्णालयाकडून कोणीच आलं नाही. दुसऱ्या तारखेला साहेब आले आणि त्यांनी मुदत मागून घेतली. तिसऱ्या तारखेच्या तीन दिवस आधी तिच्या बँकेत एकदम पैसे जमा झाले. शेवटचा पगार आणि रजेचे. पत्र नाही, फोन नाही, हिशोबाचा कागद नाही. चार महिने उशिरा.

नवऱ्याला वाटलं, संपलं. "आता सोडून दे ना," तो म्हणाला. त्याचं मनगट पुन्हा उघडायचं होतं, डॉक्टरांनी तारीख दिली होती. तेवढ्यापुरते पैसे आले होते.

"ग्रॅच्युइटी राहिलीय."

"तिच्यासाठी आणखी किती खेटे?"

"माहीत नाही." ती त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. "पण आता मी पाहुणी म्हणून जात नाही. दावेदार म्हणून जाते. तेवढा फरक पडतो."

खरं तर फार पडत नव्हता. बाक तोच, वाट बघणं तेच.

रुग्णालयाने म्हटलं, चादरींचं नुकसान ग्रॅच्युइटीतून वळतं करायचंय. त्यांनी एक नोटीसही काढून दाखवली, तिला कधीच न मिळालेली. ग्रॅच्युइटीचं प्रकरण चालवणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोटिशीवरची तारीख बघितली. ती दावा दाखल झाल्यानंतरची होती. मनुष्यबळ विभागातल्या साहेबांचे कान लाल झाले.

गाठोडी ट्रकमध्ये गेली तेव्हा तिथे दोघंच होते, ती आणि धुलाईकाका. ती त्यांच्या घरी गेली. काकांच्या बायकोने पाणी दिलं.

"ताई, मला निवृत्त व्हायला चौदा महिने आहेत. अठ्ठावीस वर्षं झाली. माझं सगळं त्यांच्याच हातात आहे."

"मी जबरदस्ती करायला नाही आले काका."

"मी खोटंही बोलणार नाही. विचारलं तर सांगेन. पण मला बोलवू नकोस." त्यांनी हात जोडले. आपल्याहून दहा वर्षांनी मोठ्या माणसाने हात जोडले याचं तिला इतकं वाईट वाटलं की चहा न घेताच ती उठली. त्यांचं नाव तिने साक्षीदारांत दिलं नाही.

ते लागलंही नाही. अधिकाऱ्यांनी आदेश दिला, राजीनामा दिलेल्या माणसाची ग्रॅच्युइटी या कारणासाठी रोखता येत नाही. बारा वर्षांप्रमाणे पूर्ण रक्कम आणि उशिराचं व्याज. पगाराच्या दाव्यातही उशिराबद्दल थोडी भरपाई मिळाली. पहिल्या पत्रापासून तो आठवा महिना होता. तिने आदेशाच्या चार प्रती काढल्या. एक नवऱ्याने कपाटात कपड्यांखाली ठेवली.

मधल्या काळात ती एका लॉजमध्ये काम करू लागली होती. सोळा खोल्या, चादरी धुवायच्या, वाळवायच्या, अंथरायच्या. आधीच्या निम्म्याने पगार, कारण जुन्या जागेचं पत्र नाही, आणि मालकाने ते बरोबर ओळखलं होतं. "तिथून काढलं वाटतं," तो म्हणाला होता. तिने समजावलं नाही. पण कामाला लागण्याआधी तिने स्वतःच एका कागदावर रुजू झाल्याची तारीख आणि पगार लिहिला आणि त्याच्यापुढे धरला. "एवढीशी लॉज, कसले कागद?" तो हसला. ती तशीच उभी राहिली. शेवटी त्याने सही केली, बहुधा ती दारातून हलावी म्हणून.

पैसे भरायची मुदत संपत आली. मग कामगार कार्यालयातून फोन आला. रुग्णालयाने पैसे भरले होते. पण तिला नाही, कार्यालयात. वरच्या अधिकाऱ्यांकडे अपील केलं होतं, आणि अपील करायचं तर आधी रक्कम जमा करावी लागते.

ती मॅडमना भेटली. मॅडमचा आवाज त्या दिवशी अजूनच बसला होता. "बघा, आता ते पैसे त्यांच्या हातातून सुटलेत. बुडायचे नाहीत. अपिलात त्यांच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नाही. पण वेळ जाईल."

"म्हणजे ते माझे झाले?"

"अजून नाही."

"त्यांचेही नाहीत."

"नाहीत."

"मग कुणाचे?"

मॅडमनी समोरच्या कागदावर अपिलाची तारीख लिहून दिली.

त्या तारखेला ती लॉजमधून अर्धा दिवस बिनपगारी घेऊन गेली. दारावर कागद चिकटवलेला, अपील अधिकारी रजेवर, सर्व प्रकरणे पुढील महिन्यात. खाली प्रत्येक प्रकरणाच्या नंबरापुढे नवी तारीख. तिच्याआधी आलेला एक माणूस तो कागद पुन्हा पुन्हा वाचत उभा होता. तिने पर्समधली छोटी वही काढली, तारीख लिहिली, आणि त्या माणसाला विचारलं, "तुमच्या प्रकरणाचा नंबर काय? म्हणजे तुमची तारीखही लिहून देते, तुमच्याकडे पेन दिसत नाही."

त्याने नंबर सांगितला. तिने दुसऱ्या पानावर त्याची तारीख लिहिली आणि ते फाडून त्याला दिलं. परतीची बस पाऊण तासाने होती. लॉजवर दुपारी चार खोल्या रिकाम्या व्हायच्या होत्या, आणि तिथे तिच्याशिवाय कोणी नव्हतं. बाकावर जागा होती, पण ती बसली नाही. जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली.